पोळ्याचा फोटो, वारलीची रेघ

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज नावाचं गाव आहे. वऱ्हाडातल्या इतर गावांसारखाच इथलाही वर्षाचा मोठा सण पोळा. श्रावण अमावास्येच्या संध्याकाळी तोरणाखाली उभ्या राहिलेल्या बैलांचा एखादा फोटो अशा गावातल्या घराघरांत, निदान मोबाइलमध्ये तरी, असतोच. त्या फोटोवरून वारली शैलीत चित्र काढायची इच्छा अनेकांना होते. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला होते, नव्या घराची भिंत सजवताना होते, स्पर्धेच्या निमित्तानेही होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा, दोन त्रिकोणांची माणसं, वर एक गोल सूर्य. काम सोपं दिसतं. प्रत्यक्षात निघालेलं चित्र मात्र बहुतेक वेळा निर्जीव होतं, कारण फोटोतल्या आकारांची कड उचलून आत त्रिकोण बसवले की वारली चित्र झालं, अशी समजूत असते.

फोटो आणि वारली चित्र यांचा पाहण्याचा नियमच वेगळा आहे. एका जागी, एका क्षणी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसलं ते फोटो दाखवतो. त्यात जवळचा बैल मोठा, लांबचा लहान. पुढचा माणूस मागच्याला झाकतो. उन्हाची सावली पडते. आकाश आणि जमीन यांच्यामध्ये क्षितिज येतं. वारली चित्रात यातलं काहीच नसतं. तिथे कोण काय करतंय आणि कोणाबरोबर करतंय, हे दिसतं. म्हणून फोटोवरून वारली चित्र करायचं, तर फोटोची नक्कल करून भागत नाही. आधी फोटोला प्रश्न विचारावे लागतात.

ही शैली मुळात वऱ्हाडाची नाही, हे इथेच लक्षात घ्यायला हवं. ती आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागात राहणाऱ्या वारली आदिवासींची. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप द्यायचा, त्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहायचा, अशी ती परंपरा. चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. चौकाच्या मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या आणि भोवती नागमोडी, साखळीच्या, फणीसारख्या रेघांची दाट किनार. चौकाच्या बाहेर झाडं, जनावरं, शेतातली कामं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणारी माणसं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या भिंतींकडे शहराचं लक्ष वेधलं आणि तिथल्या लोकांच्या हाती कागद दिला. त्यातून डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. लग्नाच्या विधीबाहेर, केवळ चित्र म्हणून, रोज चित्र काढणारा हा वारली पुरुष. त्यांनी मासे धरण्याचं जाळं काढलं ते हजारो बारीक रेघांनी. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८मध्ये ते गेले. लग्नचौकातली वारली रेघ गावाच्या कोणत्याही गोष्टीला लावता येते, हे त्यांच्या कामातून जगाला दिसलं. पोळ्याला ती लावता येते, ती त्यामुळेच.

आता धनजच्या पोळ्याचा एक फोटो समोर आहे असं धरू. गावाच्या मोकळ्या जागेत दोन खांब, त्यांच्यामध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. खाली बैलजोड्या. अंगावर झुली, शिंगांना बेगड आणि गोंडे, कपाळावर मठाठ्या, गळ्यात घुंगूरमाळा. जोडीजवळ कासरा धरून मालक. एका बाजूला डफडंवाले. पुढे पोरांची गर्दी, मागे विजेचा खांब, एक मोटरसायकल, कडुनिंबाचं झाड. फोटो काढणारा जमिनीवर उभा असल्यामुळे पहिल्या दोन जोड्याच पूर्ण दिसतात. बाकीच्यांची नुसती शिंगं दिसतात.

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी एका कागदावर फोटोतली कामं लिहून काढावीत. तोरणाखाली बैल उभे आहेत. मालक कासरा धरून आहे. एक जण हात वर करून झडती म्हणतोय. बाकीचे त्याच्याकडे वळलेत. डफडं वाजतंय. पोरं वाकून बघतायत. ही यादी म्हणजेच चित्राचा आराखडा. यादीत ज्याला क्रियापद मिळत नाही, ती वस्तू चित्रात आलीच पाहिजे असं नाही. विजेचा खांब काही करत नाही, तो गाळता येतो. मोटरसायकलवर बसून कोणी पोळा बघत असेल, तर ती घ्यावी. आजचे वारली चित्रकार आगगाड्या आणि सायकली काढतात, तेव्हा मोटरसायकलने शैली बाटत नाही.

यानंतर फोटोत नसलेलं पण त्याच दिवसाचं असलेलं आणायचं. सकाळी बैल नाल्यावर धुतले गेले. आदल्या दिवशी खांदमळणी झाली, नांगराने दमलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लागलं. तोरण सुटल्यावर बैल घरी गेले, दारात बाईने त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळीचा घास दिला. कॅमेऱ्याला यातला एकच क्षण सापडला. वारली चित्राला मात्र वेळेची ही अडचण नाही. एकाच कागदावर वर नाला, मध्ये तोरण आणि खाली घराचं दार राहू शकतं, आणि तेच बैल तीनदा येऊ शकतात. या तीन जागांना जोडणारी एक वाट काढली, की पाहणाऱ्याला दिवसाचा क्रम आपोआप कळतो.

मांडणी प्रत्यक्ष मापाने करून पाहू. कागद २२ इंच रुंद आणि १५ इंच उंच घेतला. चारही बाजूंनी एकेक इंच किनारीला सोडला. मधल्या पट्ट्यात १६ इंच लांबीचं तोरण. बैलाची लांबी २ इंच आणि दोन बैलांमध्ये अर्धा इंच मोकळा ठेवला, तर तोरणाखाली एका ओळीत सहा बैल सहज मावतात. जोडी दाखवायची तर दुसरा बैल पहिल्याच्या मागे अर्धा झाकून काढायचा नाही. त्याची जागा पहिल्याच्या खाली, दुसऱ्या ओळीत. अशा दोन ओळी झाल्या की सहा जोड्या उभ्या राहतात, प्रत्येक बैल शिंगापासून शेपटीपर्यंत पूर्ण. माणूस सव्वा इंचाचा पुरतो, पोर पाऊण इंचाचं. मानाची जोडी असेल, तर ती इतरांपेक्षा अर्ध्या इंचाने मोठी करता येते. मोठेपणा इथे अंतरावर ठरत नाही, मानावर ठरतो.

माणूस काढताना बहुतेकांची चूक होते ती कमरेत. वरचा त्रिकोण उलटा, खालचा सुलटा आणि दोघांची टोकं कमरेशी भिडलेली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते दोन्ही त्रिकोण दरवेळी एकाखाली एक ताठ ठेवले, की सगळी माणसं एकसारखी उभी राहतात. वारली माणसाची हालचाल कमरेच्या त्या एका बिंदूवर तोललेली असते. कासरा ओढणाऱ्याचा वरचा त्रिकोण मागे कलतो आणि पुढचा पाय लांब जातो. बैलाचे पाय धुणाऱ्या बाईचा वरचा त्रिकोण जवळजवळ आडवा होतो. झडती म्हणणाऱ्याचा खांदा वर उचलला जातो आणि एक हात डोक्याच्या वर जातो. ऐकणाऱ्यांचे त्रिकोण त्याच्या दिशेने थोडे झुकतात. आवाज चित्रात काढता येत नाही, पण ऐकणाऱ्यांच्या कलण्यातून तो आहे हे कळतं. म्हणून फोटोतल्या प्रत्येक माणसासाठी आधी दोनच गोष्टी पाहाव्यात: खांद्याची रेघ कुठे झुकते आणि कमरेची कुठे. त्या दोन रेघा बरोबर आल्या की हातपाय आपोआप बसतात.

चेहरा नाही. नाक, डोळे, हसू काही नाही. बाई ओळखू येते ती डोक्यामागच्या अंबाड्याच्या लहान गोलावरून. याचा अर्थ असा, की फोटोतले आजोबा चित्रात चेहऱ्याने ओळखू यावेत अशी अपेक्षा असेल, तर ही शैली त्या कामाची नाही. त्यांची काठी, खांद्यावरचा दुपट्टा, त्यांची उभं राहण्याची ढब, त्यांच्या बैलाचं एक वाकडं शिंग, एवढ्यावरच ओळख उभी करावी लागते. गावातल्या माणसाला तेवढं पुरतंही.

बैलाच्या बाबतीत वेगळा निर्णय घ्यावा लागतो. वारली चित्रात जनावराचं धड बहुधा पांढऱ्याने भरलेलं असतं. पण पोळ्याच्या बैलाची खरी शोभा झूल, आणि भरीव पांढऱ्यावर पांढरी झूल दिसणार कशी? म्हणून इथे धडाची नुसती कड काढायची, आतला मातीचा रंग तसाच ठेवायचा, मान, डोकं आणि पाय भरायचे, आणि पाठीवर झुलीचा चौकोन वेगळा आखायचा. भौमितिक नक्षीची खरी जागा हीच. एका झुलीवर नागमोडी रेघा, दुसरीवर ठिपक्यांच्या ओळी, तिसरीवर जाळी, चौथीवर फणीसारख्या आडव्या रेघा. बारा बैलांना बारा वेगळ्या झुली दिल्या की गर्दीतला प्रत्येक बैल सुटा दिसतो. वशिंड विसरू नये. वशिंड नसेल तर त्या आकाराची गाय, म्हैस किंवा घोडा, काहीही होऊ शकतं. आणि मानेवर जू काढू नये. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नसतं, तीच तर त्या दिवसाची गोष्ट आहे.

उसन्या नक्षीचा मोह इथेच टाळायला हवा. वारली म्हटलं की पुष्कळजण सवयीने एका कोपऱ्यात तारप्याचा गोल नाच काढतात, ताडाची किंवा शिंदीची झाडं लावतात, मध्ये लग्नचौक बसवतात. धनजच्या पोळ्यात तारपा वाजत नाही. तारपा दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा, तो डहाणूच्या डोंगरातल्या नाचाचा. इथे डफडं आहे, तर गोल चकती, तिच्यावर दोन काठ्या आणि वाकलेला वाजवणारा काढावा. लग्नचौक आणि पालघट हा लग्नाचा विधी आहे. त्याला पोळ्यात जागा नाही, आणि शोभेसाठी देवी उचलून आणणं योग्यही नाही. चौकाच्या किनारीतली नागमोडी आणि साखळी मात्र आपल्या किनारीत घेता येते, कारण ती नक्षी आहे.

झाडांचंही तसंच. मधली उभी रेघ, तिला दोन्ही बाजूंनी फांद्या आणि फांद्यांना बारीक पानं, ही पद्धत तीच राहील. झाड मात्र कडुनिंब, बाभूळ, पळस असावं. पळसाला देठावर तीन-तीन पानं काढली की तो लगेच ओळखू येतो. कडुनिंबाच्या देठाला दोन्हीकडे बारीक पानांची रांग येते. शेत काढायचं असेल तर महिना सांभाळावा. पोळ्याच्या सुमाराला कपाशी पात्याफुलांवर असते, बोंडं फुटलेली नसतात. पांढरा रंग हातात असल्यामुळे फुटलेल्या बोंडांचे ठिपके द्यायचा मोह होतो. पण ते शेत मग दसऱ्याच्या पुढचं होतं, आणि वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते पहिल्या नजरेत खटकेल. सोयाबीन याच वेळी शेंगांवर येतं, तेव्हा बुटक्या झाडाला लहान शेंगांच्या रेघा दिल्या तर ऋतू बरोबर बसतो.

आता पाटीची, म्हणजे पार्श्वभूमीची गोष्ट. धनज काळ्या कापसाच्या जमिनीच्या मुलखातलं, तेव्हा गावचीच माती वापरावी असं वाटणं साहजिक आहे. पण ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे, आणि कागदावरचा लेपही तसाच तडकून पापुद्रे धरतो. ती वापरायचीच तर पाण्यात कालवून, खडे खाली बसू देऊन, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळावं आणि अगदी पातळ हात द्यावा. पहिल्यांदा करणाऱ्याने गेरूच घ्यावा. जाड कागदासाठी किंवा मांजरपाटासाठी दोन चमचे बारीक गेरू, एक चमचा फेव्हिकॉल आणि साधारण अर्धी वाटी पाणी असं मिश्रण करून रुंद ब्रशने एक हात आडवा द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. शेणाचं गाळलेलं पाणी खाली एकदा फिरवलं, तर रंगाला हिरवट तपकिरी खोली येते.

पाटी तयार झाली की नाही, हे बोटाने कळतं. वाळल्यावर बोट घासून पाहावं. बोटाला लाल भुकटी लागली तर फेव्हिकॉल कमी पडला आहे. अशा पाटीवर पांढरा रंग ओला असतानाच खालचा गेरू ओढून घेतो आणि रेघ गुलाबी पडते. उलट पाटी चकचकीत दिसली आणि पांढऱ्या रंगाचे थेंब तिच्यावर गोळा होऊ लागले, तर फेव्हिकॉल जास्त झाला आहे. तेव्हा पातळ गेरूचा आणखी एक हात द्यावा. ही चाचणी कोपऱ्यात एक बैल काढून आधीच करावी. बारा बैल गुलाबी झाल्यावर उपाय राहत नाही.

पांढऱ्यासाठी परंपरेने तांदूळच. मूठभर तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटायचे, फडक्यातून गाळायचे, पातळ ताकाइतके सैल करायचे आणि भिजवलेल्या डिंकाचं थोडं पाणी घालायचं. या रंगाचा एक स्वभाव माहीत हवा: ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. नवखा माणूस रेघ दिसत नाही म्हणून तिच्यावरून पुन्हा पुन्हा काडी फिरवतो आणि वाळल्यावर ती जाड, खडबडीत उठते. एकदा रेघ ओढून थांबायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात काम करायचं. लग्नाच्या भिंतीला हा रंग पुरे होता, कारण ते चित्र वर्षानुवर्षं टिकावं अशी अपेक्षाच नव्हती. कागदावर मात्र पिठाला बुरशी लागते आणि किडेही लागतात. त्यामुळे जपून ठेवायच्या चित्राला आज पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

काडी बांबूची. पातळ काडीचं टोक चावून किंवा ठेचून त्याचे तंतू मोकळे केले की तिचा ब्रश होतो. तो फार रंग धरत नाही, म्हणून रेघ लांब जात नाही, तुटक येते, आणि वारली रेघेचा कंप काही अंशी याच काडीतून येतो. बारीक झुलींसाठी शून्य नंबरचा ब्रश सोयीचा. पट्टी मात्र वापरू नये. पट्टीने आखलेला त्रिकोण यंत्राचा वाटतो आणि शेजारच्या हाताच्या रेघेशी त्याचं जमत नाही. पेन्सिलीनेही फक्त तोरण, वाट आणि बैलांच्या जागांच्या खुणा कराव्यात. आकार थेट रंगाने काढावेत.

काम कोणत्या क्रमाने करायचं, हेही महत्त्वाचं आहे. आधी तोरण आणि दोन खांब, कारण सगळ्यांची मापं त्यांच्यावरून ठरतात. मग बैल, मग त्यांना धरणारी माणसं, मग डफडंवाले आणि झडती म्हणणारा, मग पोरं. त्यानंतर वरचा नाला आणि खालचं दार. झाडं आणि पिकं त्यापुढे. अगदी शेवटी उरलेल्या मोकळ्या जागेत कोंबड्या, कुत्रं, उडणारे पक्षी, बारीक गवत. ही शेवटची भर घालताना हात थांबवणं कठीण जातं. वारली चित्र दाट असतं हे खरं, पण दाटीतही वाट मोकळी राहिली पाहिजे. नाल्यापासून तोरणाकडे आणि तोरणाकडून दाराकडे जाणारी वाट गवताने बुजली, तर दिवसाचा क्रम पुन्हा हरवतो आणि विखुरलेले आकार तेवढे उरतात.

चित्राला नाव देताना ‘वारली शैलीतील पोळा’ असं लिहावं आणि खाली आपली सही करावी. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. वारली समाजाबाहेरच्या माणसाने काढलेलं चित्र विकायला ठेवताना त्याला वारली चित्र म्हणणं ग्राहकाची फसवणूक ठरते आणि डहाणूच्या चित्रकारांच्या पोटावरही येतं. शैली शिकायला आडकाठी नाही, पण ती कुणाची आहे हे नावातच दिसायला हवं.

चित्र पुरं झालं का, हे ठरवायची एक चांगली परीक्षा आहे. फोटो न पाहिलेल्या गावातल्या एखाद्या माणसाला ते दाखवावं आणि काय दिसतं ते विचारावं. तो नुसतं ‘वारली आहे’ म्हणून थांबला, तर शैली उसनी आली आणि गाव राहून गेलं. तो तोरणापासून सुरुवात करून ही मानाची जोडी, हा झडती म्हणणारा, इथे बैल धुतायत, इथे पाय धुऊन ओवाळतायत असं बोट ठेवत सांगू लागला, तर काम झालं. आणि त्याने मध्येच ‘अमुक राहिलं की’ असं म्हटलं, तर ते लगेच लिहून घ्यावं आणि मोकळ्या जागेत काढावं. फोटोत आता भर घालता येत नाही, चित्रात येते.